बुफेच्या रांगेत मांसाचा पदार्थ शेवटी ठेव

ताटं रांगेच्या तोंडाशी ठेव, पण चमचे-नॅपकिन अगदी शेवटी. सुरुवातीलाच दिलेस तर लोक एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात काटे-चमचे धरून वाढून घेण्याची कसरत करतात. ताटांनंतर सॅलड, मग ब्रेड, भात, भाज्या आणि सगळ्यात शेवटी मांसाचा महागडा पदार्थ. रिकाम्या ताटात पहिल्या दोन-तीन पदार्थांचे ढीग पडतातच. मांस आधी आलं तर निम्मी रांग बाकी असतानाच ते संपतं. रस्सा भाताच्या लगेच पुढे हवा, नाहीतर माणसं रांगेत उलटी फिरतात. गोडाचं टेबल मात्र वेगळंच, वाट्यांसकट. एकाच रांगेत लावलंस तर पुडिंग रश्शात बुडालंच म्हणून समज!