दसऱ्याला चावी, पण बिल आधीचं

प्रश्न: आमचं टू-व्हीलरचं शोरूम आहे. दसऱ्याच्या ऑफरमध्ये "विजय मुहूर्तावर डिलिव्हरी, कागदपत्रं तयार" असं लिहायचंय. कसं लिहू म्हणजे लोक येतील?

लोक येतील हो. ते आल्यावर तुम्ही काय देणार, ते आधी ठरवा. मी शोरूममध्ये आरटीओची कामं बघायचो आणि असल्याच एका फ्लेक्सवरून माझं मालकांशी वाजलं होतं.

साल 2025. घटस्थापना 22 सप्टेंबरला आली आणि त्याच दिवशी 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पितृपक्षात आमच्याकडे कुणी बिल करू देत नाही, त्यात ही सवलत. सगळी गर्दी नवरात्रात आली. दसरा होता 2 ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंती, बँका बंद. आणि आमच्या फ्लेक्सवर ठळक अक्षरांत: "आज बुक करा, दसऱ्याला न्या. कागदपत्रं तयार!"

मी मालकांना आधीच सांगितलं होतं की कागदपत्रं तयार आहेत असं नका लिहू, ती कधीपर्यंत द्यायची ते लिहा. क्रम सरळ आहे. बिल, मग विमा, मग 'वाहन' पोर्टलवर नोंद, कर, नंबर आणि त्यानंतर प्लेट. एचएसआरपी प्लेट नंबर पडल्याशिवाय बनतच नाही, आणि बनून यायला वेळ लागतो. यातलं एक काम अडलं की पुढचं सगळं थांबतं. मालक म्हणाले, "एवढं वाचायला कोण थांबतं? तू फक्त फायली पळव."

दसऱ्याच्या सकाळी एक काका घरच्यांना घेऊन आले. हार, नारळ, तिरंगी पेढ्यांचा बॉक्स, सगळं बरोबर. गाडी कर्जावर. बँकेची डिलिव्हरी ऑर्डर आलेली नव्हती, कारण आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नव्हतं आणि ते कुणी वेळेत पाहिलं नव्हतं. बिल झालेलं नाही, म्हणजे विमा नाही, नंबर नाही. काकांनी मला दाराशी नेऊन फ्लेक्स दाखवला. "हे कुणी लिहिलंय?"

मालक हळूच म्हणाले, "हार घालून जाऊ दे घरी, नंबर मागाहून बघू." मी चावी दिली नाही. नोंदणी झाल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 42वा नियम तेच सांगतो. वाटेत काही झालं असतं तर विमा तरी कुठे होता? शेवटी गाडीची पूजा शोरूममध्येच झाली आणि काका रिक्षाने परत गेले. मालकांच्या मते मी गिऱ्हाईक दुखावलं. माझ्या मते ते फ्लेक्सने दुखावलं. यावर आमचं आजवर एकमत नाही.

आता तुमच्या मजकुराचं. "विजय मुहूर्त" काढून टाका. तो दुपारी जेमतेम पाऊण तास असतो. पूजा, फोटो, गाडी समजावून सांगणं धरलं तर एका डिलिव्हरीला अर्धा तास जातो. जाहिरात वाचून तीस जण दोन वाजता आले तर काय कराल? दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त आहे, दिवसभर चालतो. तेच लिहा आणि वेळा वाटून द्या.

दुसरं, ग्राहक म्हणतो बिलही दसऱ्याच्याच तारखेचं हवं. तसं केलं तर त्याच दिवशी नंबर-प्लेटसकट गाडी मिळणं कठीण, हे त्याला बुकिंगलाच सांगावं लागतं. मुहूर्त चावी हातात घेण्याचा असतो. मी असं लिहिलं असतं:

"दसऱ्याला गाडी घरी, नंबर प्लेट लावूनच! आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा ललिता पंचमीपर्यंत द्या. कर्ज असेल तर मंजुरीही तोवर हवी. बिल, विमा आणि नोंदणी दसऱ्याआधीच्या तारखेची असेल. डिलिव्हरी सकाळी 8 पासून, बुकिंगच्या वेळी तुमची वेळ निवडा. पंचमीनंतर आलेल्यांना गाडी दसऱ्यानंतर."

पंचमीशेजारी इंग्रजी तारीख छापा, तरुण पोरांना तिथी कळत नाही. शेवटची ओळ मालक खोडायला सांगतील. खोडू नका. "पंचमीपर्यंत" वाचून माणूस उद्याच कागद घेऊन येतो, "तयार" वाचून तो अष्टमीला उगवतो.

हे सगळं गाडी स्टॉकमध्ये असेल तरच. रंग कंपनीकडून यायचा असेल किंवा पसंतीचा नंबर हवा असेल, तर त्या ग्राहकाला दसऱ्याचा शब्द देऊ नका. तुमच्या आरटीओत सुट्टीच्या आधी किती फायली अडकतात तेही बघा, काही ठिकाणी पंचमी उशिराच ठरेल. ऑफर म्हणून किती सूट द्यायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. हेल्मेट मात्र फुकट देतोय असं मिरवू नका, दुचाकीबरोबर ते द्यायचंच असतं.