‘मेलेना’ म्हणजे काळी शी, मग लोहाच्या गोळीची का नाही?

*“आई लोहाच्या गोळ्या घेते, त्यामुळे तिला काळी शी होते. तरी डॉक्टरांनी कागदावर ‘मेलेना नाही’ असं लिहिलंय. मेलेना म्हणजे काळी शीच ना? मराठीत त्याला शब्द काय?”*

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘काळी’ एवढाच; ‘मेलॅनिन’ त्याच घरचा. पण दवाखान्यात तो फक्त रक्तामुळे आलेल्या काळेपणासाठी वापरतात. जठरात किंवा त्याच्या आसपास रक्त सुटलं की आतड्यातून खाली येईपर्यंत ते पचतं, काळं पडतं. लोहाच्या गोळीतलं न शोषलेलं लोह नुसता रंग देतं. म्हणून डॉक्टरांनी लिहिलंय ते बरोबर आहे.

मराठीत सुटा शब्द रुळलेला नाही, पण ‘डांबरासारखी’ हे विशेषण नेमकं बसतं. मी वॉर्डात सिस्टर होते. “काळं होतं का?” असं विचारलं की लोहाच्या गोळ्यांवरच्या सगळ्या बायका “हो” म्हणायच्या. “डांबरासारखं, चिकट?” म्हटलं की बहुतेक जणी नाही म्हणायच्या. (एका आजोबांनी ‘मेलेना’ ऐकून “कोण मेले ना?” विचारलं होतं, तेव्हापासून मी तो शब्द पेशंटसमोर उच्चारला नाही.)

लोहाची शी हिरवट काळी असते, बहुधा घट्ट, आणि वास नेहमीचाच. कागदावर पसरली तर कडेला हिरवी झाक दिसते. रक्ताची शी काळीकुळकुळीत, चकचकीत, पातळसर आणि भांड्याला चिकटणारी. तिचा वास इतका उग्र की एकदा घेतला की विसरत नाही. बिस्मथच्या औषधानेही शी काळी होते, कारण त्याचा पोटातल्या गंधकाशी संयोग होतो. पुष्कळदा जीभही काळी पडते, ती आरशात बघावी.

घोटाळा होतो तो दोन्ही एकत्र असताना. माझी मावशी गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी घ्यायची, आणि रक्त कमी म्हणून लोहाचीही. काळं होतंय, तर “गोळीचंच आहे गं” म्हणून तिने सोडून दिलं. सुनेच्या लक्षात आलं, की दोन बादल्या ओतूनही भांडं स्वच्छ होत नाही, आणि मावशी उठताना भिंत धरते. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात अल्सर. रक्त कमी झालं होतं तेच त्यामुळे, आणि लोहाच्या काळ्या रंगाआड तो लपला होता.

लोह बंद केलं की काही दिवसांत रंग पूर्ववत होतो, पण ही परीक्षा घरी करत बसायची ती शी घट्ट असेल आणि माणूस धडधाकट असेल तरच. डांबरासारखी असली, किंवा चक्कर, धडधड, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी असं काही असलं, तर लोह चालू असलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं. आणि तिथे नुसतं ‘काळी’ म्हणू नका, चिकटते की नाही तेही सांगा.