स्लाइडच्या फोटोवरून अरबी करताना: RF, फशल आणि कुसूर

प्रश्न: "किडनीवरच्या ट्रेनिंगच्या स्लाइडचे मोबाइलने काढलेले फोटो आलेत. सगळं तुटक, निम्मं शॉर्टफॉर्ममध्ये. अरबी नर्सेससाठी थोडक्यात अरबी करून द्यायचंय. एकेका शब्दाला तीन-तीन अरबी शब्द सापडताहेत. कुठला धरू?"

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला, कारण हेच काम, हाच विषय, असेच तिरके फोटो मी केलेत आणि चांगलीच आपटले आहे. मी डॉक्टर नाही, भाषांतरकार आहे, तेव्हा वैद्यकीय भाग कुणा जाणत्याकडून तपासून घ्याच. फोटो सरळ कसा करायचा वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडते.

माझ्याकडे आलेली स्लाइड साधारण अशी होती:

```
CKD
RF: DM, HTN, FHx
avoid NSAIDs, watch K+
GFR <15 → RRT
```

दुसऱ्या ओळीत माती खाल्ली. आधीच्या फोटोत `RF` म्हणजे रीनल फेल्युअर होतं, म्हणून इथेही मी 'फशल कुलवी' लिहून मोकळी झाले. पण या ओळीत `RF` म्हणजे रिस्क फॅक्टर्स. मधुमेह, रक्तदाब, घरात कुणाला असणं ही कारणं आहेत, आजार नाही. फोटोत त्या अक्षरांनंतरचा कोलन दिव्याच्या चकाकीत गेला होता. तो दिसला असता तर मी थांबले असते, असं स्वतःला सांगते. खरं म्हणजे यादी वाचली असती तरी कळलं असतं. मूत्रपिंड निकामी होण्याचा 'प्रकार' म्हणून उच्च रक्तदाब कोण लिहील?

एका सुदानी नर्सनं वर्गातच विचारलं, "मागच्या पानावर हे आजाराचं कारण होतं, इथे आजारच कसं झालं?" ते मला तीन दिवसांनी कळलं. त्या तीन दिवसांत मी मूळ फाइल मागत होते. ज्या कार्यालयामार्फत काम आलं होतं तिथून एकच उत्तर येई, "मॅडम, फोटो आहेत ना?" वक्त्याचा नंबर नाही, दोन ओळींची शंका पोचवायलाही कुणी तयार नाही. वर बिलातून पैसे कापले ते वेगळेच. असो.

दुसरा घोटाळा मोठा, आणि तो पूर्ण माझा नव्हता. स्लाइड दोघांत वाटल्या होत्या. पहिल्या भागात दुसऱ्या भाषांतरकारानं फेल्युअरला 'कुसूर कुलवी' लिहिलं, मी 'फशल कुलवी'. दोन्ही अरबीच, दोन्ही वापरातले. पण वर्गातल्या काही जणींनी 'कुसूर' म्हणजे काम कमी होणं आणि 'फशल' म्हणजे पूर्ण बंद पडणं, असे दोन टप्पे समजून वहीत उतरवले. चूक त्यांची नाही. दोन शब्द दिसले की माणूस दोन गोष्टी समजतो.

म्हणून 'कुठला धरू' याचं माझं उत्तर: वर्ग कुठल्या देशातला आहे ते आधी विचारा. दमास्कसला 1919 पासून वैद्यकशास्त्र अरबीत शिकवतात, त्यामुळे सिरियातून आलेल्यांच्या तोंडी 'कुसूर' सहज असतो. इजिप्त आणि आखातात वैद्यकीय शिक्षण बहुतेक इंग्रजीत, तिथे रुग्णांशी बोलताना आणि वर्तमानपत्रात 'फशल' जास्त ऐकू येतो. शब्द अडला तर अल-मुअजम अत-तिब्बी अल-मुवह्हद, म्हणजे एकीकृत वैद्यकीय कोश, बघा. पण कोश म्हणतो तेच लिहायचं असा माझा हट्ट नाही. त्याचे काही शब्द प्रमाण असले तरी वॉर्डात कुणी उच्चारत नाही. डायलिसिसला कोशातलं 'दियाल' लिहून बघा, समोरची 'गसील अल-कुला' म्हणेल तेव्हा हायसं वाटेल. माझं मत, वर्गाच्या कानाला ओळखीचा एक शब्द घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. कोशातला शब्द पहिल्याच वेळी कंसात दिला तर पुरे.

ती निवड पहिल्या स्लाइडच्या आधी एका साध्या तक्त्यात लिहून काढा: स्लाइडवर जसं आहे तसं शॉर्टफॉर्म, ते कुठल्या स्लाइडवर, त्याचा पूर्ण अर्थ, निवडलेला अरबी शब्द. 'कुठल्या स्लाइडवर' हा रकाना मला `RF` ने शिकवला. एकाच शॉर्टफॉर्मच्या दोन ओळी झाल्या की आपोआप थांबायला होतं. `FHx` साठी 'तारीख आइली'. इथे आपल्या मराठी डोक्याची गंमत होते: आपल्याला तारीख म्हणजे कॅलेंडरवरची, अरबीत इतिहास. माझ्या मदतीला असलेल्या मुलीनं तिथे 'कुटुंबाची तारीख?' असं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

आता तुटक ओळी जोडण्याबद्दल. इंग्रजीत एक ओळ क्रियापद, दुसरी नाम, तिसरी नुसता बाण, असं चालून जातं. अरबीत तसंच ठेवलं तर विस्कटलेलं दिसतं. मी प्रत्येक ओळीची सुरुवात मस्दरनं, म्हणजे क्रियावाचक नामानं करते. `avoid` ला 'तजन्नुब', `watch` ला 'मुराकबा'. ओळ अशी झाली: 'तजन्नुब मुदाद्दात अल-इल्तिहाब गैर अस्-स्तिरोइदिय्या, व मुराकबत अल-बूतास्यूम'. 'यजिब', म्हणजे 'केलंच पाहिजे', आपल्या मनानं घालू नका. बाणाचा अर्थही 'लगेच करा' असा नसतो. शेवटच्या ओळीत GFR, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, 15 च्या खाली गेला की डायलिसिस सुरू, असं मी ठाम लिहिणार होते. एका डॉक्टर मैत्रिणीनं अडवलं: नुसत्या आकड्यावर नाही, लक्षणं बघून ठरतं. म्हणून मी फक्त 'अकल्ल मिन 15' लिहिलं, पुढे RRT चं, म्हणजे मूत्रपिंडाच्या बदली उपचाराचं, नाव ठेवलं आणि बाणाबद्दलची शंका समासात टाकली.

ते 'अकल्ल मिन' अक्षरात लिहिण्यालाही कारण आहे. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मजकुरात `<` हे चिन्ह आपोआप उलटं दिसतं, बाण मात्र उलटत नाही. म्हणजे एकाच ओळीत एक चिन्ह फिरतं, दुसरं तसंच राहतं. `15-29` सारखी व्याप्तीही अरबी शब्दानंतर आली की 29 आधी दिसू शकते. 'मिन 15 इला 29' लिहा, भानगड संपली. आकडा फोटोत अस्पष्ट असेल तर अंदाज नको, जागा रिकामी ठेवा आणि पिवळा रंग द्या.

छापायला देण्याआधी 'कुल्ली' हा शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी 'कुलवी', म्हणजे मूत्रपिंडाचा, हवा होता का ते डोळ्यांनी बघा. अरबीत 'कुलवी'तलं वाव हे अक्षर गळलं की 'कुल्ली' होतो, म्हणजे 'संपूर्ण'. 'फशल कुलवी'चं 'फशल कुल्ली', संपूर्ण अपयश, झालेलं मी छापील पत्रकावर बघितलंय. स्पेलचेक काही म्हणत नाही, शब्द बरोबरच असतो. आणि किडनीचा 'कुल्या' आणि कॉलेजचा 'कुल्लिय्या' स्वरचिन्हांशिवाय अगदी सारखेच दिसतात, तेव्हा शीर्षकात तरी 'कुल्या'च्या लाम या अक्षरावर सुकून, म्हणजे पुढे स्वर नाही हे दाखवणारी खूण, लावा.

मी आता कोटेशनमध्येच लिहिते: मूळ फाइल किंवा वक्त्याशी दहा मिनिटांचा फोन, दोन्ही नसेल तर शॉर्टफॉर्मची जबाबदारी माझी नाही. दोघांनी हे वाचून काम दिलं नाही. तुमच्या नर्सेस कुठल्या देशातल्या आहेत?