उलट्या होणाऱ्या लेकराला तापाची सपोझिटरी देताना

प्रश्न: मुलाला कालपासून १०२ ताप आहे. सिरप पाजलं की पाच मिनिटांत उलटी. मेडिकलवाल्यानं शीच्या जागेत ठेवायची गोळी दिली आहे, डॉक्टर सकाळी भेटतील. ती कशी ठेवायची, आणि बाहेर आली तर दुसरी द्यायची का?

परभणी जिल्ह्यात लहान मुलांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं नर्स आहे. आधी पाकीट उजेडात धरून नाव वाचा. शी होत नसलेल्या लेकरांसाठी ग्लिसरिनची सपोझिटरी मिळते, ती दिसायला अगदी अशीच असते. घाईत तीच हातात पडलेली मी पाहिली आहे. तिनं ताप तसाच राहतो आणि वरून जुलाब होतात. पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलेलं पाहिजे.

नाव बरोबर निघालं की मिलिग्रॅम बघा. बाजारात साधारण ८०, १७० आणि २५०ची मिळते, आणि तुम्ही मुलाचं वजन लिहिलेलं नाही. वयावरून अंदाज धरू नका, आमच्याकडं तीन वर्षांचं लेकरू दहा किलोचं पण येतं आणि सोळाचं पण. एका वेळचा डोस किलोला १५ मिलिग्रॅम धरतात. वजन १२ किलो असेल तर १८० येतात, म्हणजे १७०ची एक बरोबर बसते. त्याच लेकराला २५०ची दिली तर डोस जास्त होतो. अर्धी कापून द्यायचा मोहही नको, कारण गोळीत औषध सगळीकडं सारखं पसरलेलं असेलच असं नाही. मेडिकलवाल्याकडून वजनाला बसणारीच बदलून आणा.

दोन डोसांत सहा तास ठेवा, आणि चोवीस तासांत चारच्या वर जाऊ नका. यात सिरपही मोजायचं. सर्दीच्या बऱ्याच औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजायचं. तुमच्या मुलाला पाच मिनिटांत उलटी झाली, म्हणजे पोटात फारसं काही राहिलं नाही, तेव्हा सपोझिटरी देता येईल. पण पाजून अर्ध्या तासानं उलटी झाली असती, तर तो डोस लागला असं धरून सहा तास थांबायला मी सांगितलं असतं.

आता ठेवायचं कसं, ते माझ्या भाचीवरून सांगते. तेव्हा वय अडीच वर्षं, वजन १२ किलो. मे महिना, गंगाखेडकडचं गाव, लाइट गेलेली. बहिणीनं डॉक्टरांनी लिहून दिलेली १७०ची पट्टी कपाटातून काढली तर गोळ्या आतल्या आत मऊ झालेल्या. ही गोळी चरबीसारख्या पदार्थाची असते, अंगाच्या उष्णतेनं विरघळावी म्हणूनच तशी बनवतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटातही तेवढी उष्णता असते. आम्ही पट्टी न फोडता माठातल्या पाण्याच्या तांब्यात दहा मिनिटं ठेवली. गोळी कडक झाल्यावरच पाकीट सोललं. आकार टिकून मऊ झालेली असेल तर एवढ्यानं भागतं. पार पातळ होऊन परत गोठलेली असेल तर मात्र औषध एका टोकाला बसलेलं असू शकतं, ती टाकून नवी आणा.

भाचीला डाव्या कुशीवर झोपवलं, खालचा पाय सरळ, वरचा गुडघा पोटाशी. बहिणीच्या सासूबाई खोबरेल घेऊन आल्या. "मावशी, तेल नको," म्हटलं. तेलाचा किंवा व्हॅसलिनचा थर बसला की गोळी विरघळून औषध लागायला अडतं. गोळीचं टोक आणि बोट पाण्यात बुडवायचं, बस. हात साबणानं धुतलेले आणि नख कापलेलं असू द्या. लहान लेकराला करंगळी वापरतात.

निमुळतं टोक पुढं ठेवून हळूहळू ढकलायचं. सुरुवातीला बोटाला आवळल्यासारखं लागतं, तो तिथला स्नायू. गोळी त्याच्या पलीकडं गेली की ती आवळ एकदम सैल पडते. बोटाचं एक पेर आत, एवढं अंतर पुरतं. चूक होते ती इथंच. लेकरू रडतंय म्हणून आपण मध्येच थांबतो, गोळी स्नायूच्या पकडीत राहते, आणि लेकरानं जोर केला की बाहेर. माझ्याकडूनही तेच झालं. चौथ्या मिनिटाला गोळी अख्खीच्या अख्खी लंगोटावर.

"पडली ना गं, दुसरी घाल की," सासूबाई म्हणाल्या.

दुसरी नाही. तीच पाण्यात बुडवून परत ठेवली, या वेळी पलीकडं जाईपर्यंत, आणि दोन्ही कुल्ले तळहातानं पाच मिनिटं जवळ दाबून धरले. पंधरा मिनिटांच्या आत अख्खी गोळी बाहेर आली तर तीच परत ठेवा. विरघळायला लागलेली दिसली, किंवा शी झाली आणि त्यात किती गेली हे कळत नसेल, तर दुसरी ठेवू नका, पुढच्या वेळेपर्यंत थांबा. अर्ध्या तासानं लंगोटाला पांढरट तेलकट डाग दिसला तर घाबरू नका. तो गोळीचा चरबीचा भाग असतो, औषध वाया गेलं असं त्यातून होत नाही.

ताप मात्र लगेच बघत बसू नका. या वाटेनं औषध सिरपपेक्षा सावकाश लागतं. भाचीला अर्ध्या तासाला १०२.४ होता, दीड तासानं १००.८ झाला आणि ती उठून बसली. पूर्ण उतरलाच पाहिजे असं नसतं.

जुलाब होत असतील तर गोळी टिकतच नाही, तेव्हा हा उपाय सोडा. पावसाळ्यानंतर डेंग्यूचा संशय असेल, किंवा प्लेटलेट्स कमी आल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नका, तिथं रक्त येण्याची भीती असते. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर गोळीसाठी न थांबता त्याला दवाखान्यातच न्या.

उलटी चालू असेपर्यंत खरी काळजी पाण्याची आहे, आणि ती सपोझिटरीनं जात नाही. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा, मग ओआरएसचा एक चहाचा चमचा दर दोन-तीन मिनिटांनी. ग्लासभर एकदम दिलं की परत उलटी. सहा-आठ तास लघवी झाली नाही, उलटी हिरवी किंवा रक्ताची आली, लेकरू उठवूनही नीट जागं होत नाही, मान कडक वाटते, किंवा झटका आला, तर सकाळची वाट बघू नका, आत्ताच निघा.

भाचीच्या वेळी मी पट्टीवरच पेननं लिहून ठेवलं होतं, "रात्री ११.४०, १७०". सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. तुम्हीही सिरपची वेळ आणि गोळीची वेळ दोन्ही लिहून न्या.