हिरव्या ठिपक्यावर विसंबून मी कशी तोंडावर पडले

> «लेकीचा वाढदिवस आहे, तिच्या वर्गात एक मुलगी पूर्ण व्हीगन आहे. या रंगीत गोळ्यांवर हिरवा ठिपका आहे, जिलेटिन नाही, दूध नाही. मागे लिहिलंय: साखर, लिक्विड ग्लुकोज, स्टार्च, अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर (३३०), रंग (१२२), ग्लेझिंग एजंट (९०३, ९०४). चालेल ना?»

नाही चालणार, आणि अडचण अगदी शेवटच्या आकड्यात आहे. ९०४ म्हणजे शेलॅक, आपल्या भाषेत लाख. बांगड्यांची लाख, टपालाच्या सीलची लाख, लाक्षागृहातली लाख, तीच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे हा थर तयार करतात, तो खरवडून शुद्ध करतात आणि त्याचंच पॉलिश गोळ्यांवर चढतं. खरवडताना किडेही जातात, म्हणून व्हीगन लोक ते टाळतात.

तुमचा प्रश्न वाचून मला माझंच जुनं तोंड दिसलं म्हणून एवढं लांबण लावतेय. व्हीगन होऊन वर्षभर झालं होतं, आत्मविश्वास उतू चाललेला, आणि आमच्या ग्रुपच्या दिवाळी हॅम्परसाठी साठ पुड्या भरायचं काम मी अंगावर घेतलं. चमकदार रंगीत बटणगोळ्या, हिरवा ठिपका ठसठशीत, घटकांच्या यादीत दूध, व्हे, तूप, मध काही नाही. मी खूश. प्रत्येक पुडीवर माझ्या हाताने «व्हीगन» अशी चिठ्ठी चिकटवली. वाटून झाल्यावर एका मैत्रिणीने पाकिटाचा फोटो पाठवला, ९०४ भोवती लाल गोल काढलेला, खाली नुसतं प्रश्नचिन्ह. साठ लोकांना फोन आणि मेसेज करत बसले, दोघांनी तोवर खाल्ल्या होत्या, एक अजून टोमणे मारतो.

चूक माझीच, पण ती नेमकी काय होती हे कळायला मला बराच वेळ लागला. मी हिरवा ठिपका म्हणजे «प्राण्याचं काही नाही» असं समजत होते. तसं नाहीच आहे. आपल्याकडच्या नियमात मांसाहारी कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि तिच्यातून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि शेलॅक हे सगळं बाहेर काढलंय. म्हणजे हे घालूनही हिरवा ठिपका पूर्णपणे कायदेशीर! शाकाहाराचा ठिपका आहे तो, व्हीगनचा नाही, आणि मी वर्षभर त्याच्याकडून त्याने कधी न दिलेलं वचन मागत होते.

याची दुसरी बाजू मात्र उपयोगाची आहे. जिलेटिन (जनावराच्या हाडाकातड्यातून) आणि कारमाइन (कोचिनील किडे वाळवून) या व्याख्येच्या आत येतात. म्हणजे भारतात बनलेल्या हिरव्या ठिपक्याच्या गोळीत हे दोन नसायला हवेत आणि तुम्हाला फक्त बाकीच्यांसाठी यादी वाचायची आहे. दुधासाठी «कंटेन्स: मिल्क» अशी अ‍ॅलर्जीची ओळ बघा, व्हे, केसिन, लॅक्टोज, मिल्क सॉलिड्स सगळे तिथे पकडले जातात. «मे कंटेन मिल्क» वेगळं, ते कारखान्यात दुधाचा माल त्याच मशिनवर चालतो म्हणून लिहितात, घटक म्हणून नाही. (अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला मात्र दोन्ही एकच समजा, मी डॉक्टर नाही.) मध नावानेच लिहिलेला सापडतो. मेण आणि लाख उरतात आणि ते कुठल्याच अ‍ॅलर्जीच्या यादीत नाहीत, त्यांना कोणी ठळक करत नाही, ते गपचूप «ग्लेझिंग एजंट» या शब्दापाठी कंसात बसतात. तर हा शब्द आधी शोधा आणि आकडे वाचा: ९०१ मधमाशीचं मेण, ९०४ लाख, ९०३ कार्नोबा म्हणजे एका ताडाच्या पानांचं मेण, ते चालतं. तुमच्या पाकिटात ९०३ चालला, ९०४ ने घोळ घातला. शब्दात लिहिलं असेल तर «कन्फेक्शनर्स ग्लेझ» म्हणजेही लाखच.

तुमच्या पाकिटातल्या १२२ ला मात्र घाबरू नका, यात मीही फसलेय. १२२ म्हणजे कार्मोइझिन, नाव कारमाइनसारखं पण कारखान्यात बनलेला कृत्रिम रंग आहे. कारमाइन म्हणजे १२०. मुलांना कृत्रिम रंग द्यावा का हा वेगळा वाद, त्यावर इथे मागे शंभर कमेंटी झाल्यात. कोको बटरमध्येही दूध नसतं, ते कोकोचंच तेल.

आता राग काढते. त्या हॅम्परनंतर मी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला की ९०४ कुठून येतो. उत्तर: «आमचं उत्पादन शंभर टक्के शाकाहारी आहे, कृपया पाकिटावरील हिरवं चिन्ह पाहावं.» परत विचारलं, तेच उत्तर, शब्द न बदलता. तिसऱ्यांदा फोन केला तर बॅच नंबर मागितला, मी दिला, आणि दोन दिवसांनी तक्रार «निकाली» असा मेसेज आला. कसली निकाली? तीन आठवडे गेले. पण आता वाटतं प्रश्नही माझाच चुकला होता. «हे व्हीगन आहे का» विचारलं की समोरची व्यक्ती ठिपक्याकडे बोट दाखवून मोकळी होते, आणि नियमाने ती खोटंही बोलत नसते. आता मी एकच ओळ लिहिते: «वरच्या आवरणात लाख किंवा मधमाशीचं मेण आहे का, हो की नाही, लेखी सांगा.» याला बहुतेक वेळा सरळ उत्तर येतं. नाही आलं तर मी ते पाकीट सोडून देते.

कोणी परदेशातून पिशवी भरून आणली तर हे सगळं उलटं होतं, हे लक्षात ठेवा. तिथे ठिपका नाही, मग जिलेटिन आणि १२० दोन्ही स्वतः शोधायचे. युरोप-ब्रिटनच्या पाकिटांत यादीतलं दूध ठळक अक्षरात असतं म्हणून व्हे पटकन दिसतो, पण कारमाइन, लाख साध्या अक्षरातच. नणंदेने आणलेल्या गुलाबी गोळ्यांच्या पाकिटावर मला सगळ्यात खाली, घडीच्या शिवणीत «ई १२०» सापडला होता, पाकीट फाडून सपाट केल्यावर. अमेरिकेच्या पाकिटांवर २०११ पासून कारमाइन किंवा कोचिनील असं नावानेच लिहावं लागतं, तेवढं सोपं.

आपल्याकडे २०२२ च्या नियमांनंतर वेगळं व्हीगन चिन्हही आलंय, हिरवं व्ही आणि त्याच्या टोकाला छोटं रोप. ते दिसलं तर प्रश्नच मिटला, पण गोळ्या-चॉकलेटांवर मला अजून क्वचितच दिसतं. आणि सुट्या मिठाईच्या भानगडीत पडू नका, परातीतल्या बर्फीला मागे यादी नसते आणि काउंटरवरचा मुलगा «सगळं व्हेज आहे मॅडम» एवढंच सांगणार.

शेवटी एक, त्या मुलीच्या आईला फोन करून «तुम्ही लाखही टाळता का» असं विचारून घ्या. काही जण फक्त दूध-मध सोडतात, ९०४ कडे बघतही नाहीत. नाहीतर शेंगदाण्याची साधी चिक्की घ्या, फक्त मागची यादी वाचून, कारण तिच्यातही काही जण तूप घालतात.