टेंडरच्या मेलमध्ये नुसतं 'पात्र आहोत' लिहू नकोस

तुझा मसुदा वाचला. "आम्ही सर्व अटी पूर्ण करतो" या वाक्यावरून सोसायटीच्या कमिटीला काहीच कळत नाही. प्रत्येक अट तिच्या क्रमांकासह घे आणि पुरावा कुठे आहे ते सांग: "अट 4.2, गेल्या तीन वर्षांत 40 लाखांचं एक वॉटरप्रूफिंगचं काम: पूर्णत्वाचा दाखला, सहपत्र 3, पान 2."

इथेच गोम आहे. तुझ्या दाखल्यावर 36 लाख आहेत, जीएसटी वगळून. 18 टक्के धरले तर 42.48 लाख होतात. पण रक्कम करासह मोजायची की कराशिवाय, हे अटीत लिहिलेलंच नाही. गुपचूप 42.48 टाकून मोकळा होऊ नकोस. मुदतीआधी लेखी विचार आणि आलेलं उत्तरही सहपत्र म्हणून जोड. माझं एक टेंडर अशाच आकड्यावर बाद झालंय.

यादीतलं नाव आणि फाइलचं नाव एकच ठेव, `03_Completion_Certificate.pdf` असं. `scan0017.pdf` कोण उघडून बघत बसणार? अनामत रकमेपुढे यूटीआर नंबर आणि तारीख घाल.

दर मात्र मेलच्या मजकुरात चुकूनही नको. त्यांनी दोन लिफाफे मागितलेत, म्हणजे दरपत्रक वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये. पासवर्ड तांत्रिक लिफाफा पास झाल्यावर, ते मागतील तेव्हाच द्यायचा. आणि जीमेलवरून 25 एमबीच्या वर जोडपत्रं जात नाहीत, तेव्हा स्कॅन हलके कर आणि पाठवल्यावर पोच मागून घे.