मिल्टा पॉवर सोडायचं की नाही

प्रश्न: ईस्पोर्ट्सच्या ग्रँड फायनलच्या आदल्या रात्री एकाच टीममधले खेळाडू एकमेकांशी नक्की काय बोलतात? कोणी खेळलं असेल तर खरं चॅट दाखवा ना.

दाखवतो. ज्याच्याशी बोललो त्याला विचारूनच इथे टाकतोय.

बीजीएमआय या मोबाईल गेमची फायनल होती, कुडाळच्या एका हॉलमध्ये, ऐन जुलैच्या पावसात. दोन दिवस, रोज तीन मॅच. मी टीमचा आयजीएल, म्हणजे कुठे उतरायचं, कधी लढायचं आणि कधी निघायचं हे मॅचमध्ये सांगणारा. तो आमचा असॉल्टर, घरात सगळ्यात आधी शिरणारा. पहिला दिवस संपवून तो रात्री मालवणला घरी गेला. मी रत्नागिरीचा, म्हणून कुडाळलाच मावशीकडे थांबलो होतो.

चॅट कळायला गुणांची पद्धत माहीत हवी. मैदानात सोळा टीम, प्रत्येकीत चौघं. सगळे विमानातून उडी मारून छत्रीने नकाशावर उतरतात, मग झोन, म्हणजे जिवंत राहायची जागा, लहान होत जातो. मॅच जिंकली की १० गुण, त्यालाच चिकन म्हणतात. मग क्रमाने ६, ५, ४, ३, २, १, १. नवव्या नंबरपासून खाली शून्य. शिवाय मारलेल्या प्रत्येक खेळाडूमागे, म्हणजे फिनिशमागे, १ गुण. पहिल्या दिवसाअखेर आम्ही चौथे होतो, ३३ गुणांवर. पहिली टीम ४१ वर होती. दुसऱ्या दिवशी दोन मॅच एरंगल नकाशावर आणि एक मिरामारवर होती. एरंगलवर आमची नेहमीची उतरायची जागा म्हणजे पूर्वेच्या टोकाचं मिल्टा पॉवर.

तो, ९:३८: पोचलंय घरी. लाईट नाय. फोन ४१ टक्के.

मी, ९:३९: पॉवरबँक?

तो, ९:३९: रिकामी. दिसभर तीच वापरलंय मां.

मी, ९:४०: मग ब्राइटनेस कमी कर, थोडक्यात बोलू. आणि उद्या चार्जर लावून खेळायचं नाही. आज दुसऱ्या मॅचला तुझा फोन तापला होता, शेवटच्या झोनला तुझे फ्रेम पडत होते, गेम अडखळत होता.

तो, ९:४१: होय. एक बातमी आसा. वायट.

तो, ९:४२: पंधराव्या नंबरची टीम आता स्क्रिम, म्हणजे सरावाची मॅच, खेळली. थय माझो एक दोस्त होतो. ते मिल्टा पॉवरला उतरले. चौघव. दोनदा.

मी, ९:४२: नक्की?

तो, ९:४३: तेणा रेकॉर्डिंग धाडल्यान. तुका पाठवतंय.

मी, ९:४९: बघितलं. कारण कळलं. आज एरंगलला त्यांच्या जागी एक नंबरची टीम उतरली आणि हे दोन मिनिटांत संपले. तिथे परत जाणार नाहीत. नवी जागा शोधतायत आणि त्यांना आपली आवडली.

तो, ९:४९: येवंदे. मारूया.

मी, ९:५०: थांब. त्यांच्याकडे ७ गुण आहेत. उद्या काहीही झालं तरी ते जिंकत नाहीत. तळाच्या टीमला उतरल्या उतरल्या भांडून गमवायला काही नसतं, आपल्याला असतं.

तो, ९:५१: पयल्या स्टेजपासून आमी थय उतरतंव. कुठल्या घरात काय गावता ता माका डोळे झाकून ठावक आसा. ती जागा सोडूची?

मी, ९:५२: सोडायचीच असं म्हणत नाहीये. हिशेब करूया म्हणतोय.

तो, ९:५२: तुझो हिशेब माका ठावक आसा. पळूचा.

तो, ९:५४: आज बाबांनी यूट्यूबवर आमची मॅच बघल्यानी. पयल्यांदाच. बोटी वर काढलेले, मासेमारी बंद, म्हणान ते घराक. मी इलंय तसा इचारल्यानी, तुमी चौघव गाडी घेवन कडेकडेन पळतास कित्याक? लढणास नाय कित्याक?

मी, ९:५५: मग तू काय सांगितलंस?

तो, ९:५५: कायच नाय. माका लाज वाटली.

मी, ९:५८: लाज वाटण्यासारखं काही नव्हतं त्यात. त्या मॅचला झोन पार पश्चिमेला पडला होता आणि आपण पूर्वेच्या टोकाला होतो. कडेने आलो म्हणून चौघं जिवंत पोचलो, दुसरे आलो, त्यात तुझे चार फिनिश. सगळ्या टीममध्ये त्या मॅचला तुझ्यापेक्षा जास्त फक्त एकाचे होते.

तो, ९:५९: बाबांका ता दिसना नाय. तेंका गाडी दिसता.

मी, १०:००: आता हिशेब ऐक. एक नंबरने तीन मॅचमध्ये ४१ केले. उद्याही तसेच खेळले तर ८२. त्यांच्या पुढे जायला आपल्याला ८३ हवेत, म्हणजे तीन मॅचमध्ये ५०. मॅचला साधारण सतरा.

मी, १०:०१: सतरा म्हणजे चिकन आणि सात फिनिश. किंवा दुसरा नंबर आणि अकरा फिनिश. कठीण आहे, पण आज पहिल्या मॅचला आपण सोळा केलेत. होऊ शकतं.

मी, १०:०२: आता समज पहिल्याच एरंगलला मिल्टा पॉवरला भांडलो आणि हरलो. शून्य. एखादा मारला तर एक. मग तेच ५० दोन मॅचमध्ये. पंचवीस-पंचवीस. चिकन आणि वर पंधरा फिनिश, लागोपाठ दोनदा. असं आपण एकदाही केलेलं नाही.

तो, १०:०३: आणि जिकलंव तर?

मी, १०:०३: तर चार.

तो, १०:०३: चारच?

मी, १०:०४: समोर माणसं चार आहेत. सगळी मारलीस तरी चारच गुण. आणि उतरल्या उतरल्या पिस्तुलावर भांडण झालं की आपलेही एक-दोन जातात. मग उरलेले दोघं पूर्वेच्या टोकावरून झोनमध्ये कसे येणार? स्पर्धेत मेलेला परत येत नाही.

तो, १०:०६: पण एकदा सोडलंव तर दुसऱ्या एरंगललाव ते थयच बसतले. आयती जागा.

मी, १०:०७: हे खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. लूटही कमी मिळेल, हेही खरं.

तो, १०:०८: बाबा हाक मारतत. इलंय.

इथे जवळजवळ अर्धा तास तो गायब होता. मी त्या वेळात वहीत नकाशा काढून बसलो होतो. मिल्टा पॉवरच्या पश्चिमेला प्रिझन आणि त्याच्या पुढे मॅन्शन. दोन्ही जागा लहान. एकीत चौघांचं भागत नाही, दोघांचं कसंबसं भागतं. आमच्या बाजूने एकच गोष्ट होती, पहिल्या दिवशी त्या दोन्ही ठिकाणी कोणीच उतरलं नव्हतं.

तो, १०:३६: हयच आसस?

मी, १०:३६: हो.

तो, १०:३७: मेणबत्ती लावन बाबांका सगळे गुण सांगलंय. १० कोणाक, ६ कोणाक, फिनिश म्हणजे काय, सगळा. तुझे ५० पण सांगलंय.

मी, १०:३७: मग?

तो, १०:३८: बाबा म्हणतत, म्हणजे जिकलास तर चार आणि हरलास तर सगळा गेला? ह्यो सौदो कोण करता?

तो, १०:३८: मगे म्हणतत, तुझो दोस्त बरोबर बोलता.

मी, १०:३९: तुला काय वाटतं ते सांग. उद्या आधी शिरणार तू आहेस. मनात नसेल तर हवेत अर्धा सेकंद थांबशील, आणि तिथेच गडबड होईल.

तो, १०:४१: माका पटला. पण एक सांग. ते दोघंच इले तर? स्क्रिमात चौघव इले, पण फायनलात घाबरान दोन मिल्टात आणि दोन भायर ठेवतीत तर? दोघांक सोडून पळूचा नाय.

मी, १०:४३: बरोबर. दोघं आले तर चार विरुद्ध दोन, तिथे आपण मारतो. हा नियम झाला. चौघं किंवा तिघं आले तर वळायचं, दोघं किंवा एक आला तर उतरायचं.

तो, १०:४४: मोजतलो कोण?

मी, १०:४५: तू. तू सगळ्यांच्या पुढे असतोस. उडी मारल्यावर डोळ्याचं बटण धरून आजूबाजूला बघ, आपल्या दिशेने किती येतायत ते मोज. फक्त आकडा बोल. 'बहुतेक', 'वाटतं', काही नको. 'चार' किंवा 'दोन'.

तो, १०:४५: आणि तू?

मी, १०:४६: मी एकच शब्द बोलणार, 'मॅन्शन' किंवा 'पॉवर'. छत्री उघडायच्या आत. छत्री उघडली की वळायला अंतर उरत नाही, मग काहीही झालं तरी पॉवरलाच उतरायचं आणि भांडायचं. मध्ये अडकलो तर दोन्हीकडून मरू.

तो, १०:४७: मॅन्शन म्हटलंस तर कोण खय?

मी, १०:४८: तू आणि मी मॅन्शन, बाकीचे दोघं प्रिझन. पहिली गाडी दिसेल ती घ्यायची, लूट नंतर. पहिली दहा मिनिटं कोणाशी भांडायचं नाही, स्कोप नसतील आपल्याकडे. त्या दोघांना मी ग्रुपवर लिहून ठेवतो.

तो, १०:४९: आणि विमान लांबसून गेला तर? मिल्टापर्यंत कोणच उडान पोचना नाय.

मी, १०:५०: मग सगळेच गाडीने येणार. तेव्हा मोजायचं नाही, थेट मॅन्शन. रस्त्यावर कोण आधी पोचलं ते कळत नाही आणि ते आत बसून आपली वाट बघत असतील.

तो, १०:५१: ठरला. दुसऱ्या एरंगलचा?

मी, १०:५१: तेव्हा गुण बघून. आपण १६ पेक्षा जास्त मागे असू तर मी स्वतः म्हणेन, चौघं आले तरी उतर.

तो, १०:५२: ह्या माका आवाडला.

मी, १०:५३: वायरचे इअरफोन आण, ब्लूटूथवर पावलांचा आवाज उशिरा येतो. फिंगर स्लीव्हचे दोन जोड आण. आज हॉलमध्ये दमटपणा इतका होता की दुसऱ्या मॅचपर्यंत माझा जोड भिजला. आणि डू नॉट डिस्टर्ब लाव. बाबांना सांग, मॅच चालू असताना फोन करू नका. यूट्यूबवर चित्र मुद्दाम काही मिनिटं मागे ठेवतात, त्यांना तू जिवंत दिसत असशील तेव्हा कदाचित मेलेला असशील.

तो, १०:५५: बाबा यूट्यूबवर बघनत नाय उद्या.

मी, १०:५५: का?

तो, १०:५६: माझ्यावांगडा येतत. सकाळच्या पयल्या एसटीन. म्हणतत, चौघव इले काय दोघंच इले, ता माका थयच बघूचा आसा. तेंका बसाक जागा गावतली मां?

मी, १०:५७: आयोजकांना सकाळीच विचारतो. मोठ्या स्क्रीनसमोर बसवू. आता फोन बंद कर, किती राहिलाय?

तो, १०:५७: १९. आकडो माझो, शब्द तुझो. बंद करतंय.